शेवटी ‘सायक्लिन’ असलेलं औषध

दातबाईंसमोर तोंड उघडून हसू नये, असं त्यांच्या गल्लीत सगळे म्हणत. कारण हसणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचं सोडून त्या सरळ दातांकडे बघायच्या आणि मनातल्या मनात त्यांचा रंग ठरवायच्या. समोरच्या शिंप्याचे दात पिवळसर, कोपऱ्यावरच्या पाववाल्याचे राखाडी, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचे वरचे चार दात तर दातबाईंनीच केलेले. मुख्याध्यापिकाबाई हे गुपित समजत होत्या. गुपित राहिलंही असतं, पण त्या बाई रस्त्यात भेटल्या की दातबाई आपल्या कामाकडे इतक्या कौतुकाने बघत राहायच्या की बघणाऱ्याला कळायला फार अक्कल लागत नसे.

दातबाई कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होत्या. कारखाना म्हणजे लांबट खोली, भिंतीला लागून टेबलं, हवेत प्लास्टरची पूड आणि वितळलेल्या मेणाचा वास. गावातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे साचे पाठवत आणि ही मंडळी त्यावर दात उभे करत. दातबाईंकडे रंगाचं काम असे. एका पट्टीवर ओळीने नकली दात बसवलेले असतात, पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत. तिला कारखान्यात ‘फणी’ म्हणत. फणी हातात धरून नेमका दात निवडण्यात दातबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालकसुद्धा म्हणायचे, “बाई, तुमच्या डोळ्यांचा विमा काढायला हवा.”

पण या कामाला त्या आल्या कशा, ते मालकांना ठाऊक नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक लहानपणी सतत खोकायची. त्या वेळच्या डॉक्टरांनी एकदा पिवळं, गोड औषध लिहून दिलं. टेट्रासायक्लिन. खोकला थांबला. मग पुढच्या खोकल्याला दातबाईंनी डॉक्टरांना न विचारता तीच रिकामी बाटली दुकानदाराला दाखवली आणि तेच औषध आणलं. त्याच्या पुढच्या खोकल्यालाही आणलं. सर्दीला आणलं, घसा लाल दिसला म्हणून आणलं, एकदा तर शाळेची सहल जवळ आली होती म्हणून आधीच पाजून ठेवलं. पोरगी गोड म्हणून चमचा चाटायची. मग तिचे दुधाचे दात पडले आणि खालून नवे आले ते राखाडी, मध्येच तपकिरी पट्टा ओढलेले. दातबाईंनी मीठ लावून पाहिलं, राख लावून पाहिली. घासून घासून हिरड्यांतून रक्त आलं, पण रंग हलला नाही. रंग दातावर नव्हताच, दाताच्या आत होता. कुणीतरी सांगितलं, कवळ्यांच्या कारखान्यात खराब दातावर नकली दाताची टोपी चढवून मिळते. विचारायला म्हणून त्या गेल्या, तिथे माणसाची गरज होती, आणि राहिल्या त्या राहिल्याच.

काम शिकल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर तोवर मोठ्या झालेल्या लेकीच्या जबड्याचा साचा घेतला. त्यावर कसे दिसतील ते दाखवायला नवे दात चढवले. महिनाभर खपून केलेलं ते काम त्यांनी रुमालात गुंडाळून घरी आणलं. लेकीने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, “छान आहेत. कुणाचे आहेत?” चांगले दात घासून बारीक करायचे आणि वर टोपी घालायची, हे तिला पटलं नाही. तो साचा मग कपाटात साड्यांच्या मागे गेला.

लेक एस.टी. स्टॅंडवर गाड्यांची घोषणा करते. काचेच्या खोलीत बसून माइकवर बोलायचं: अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे. गोड, ठाम आवाज. सगळं गाव तो ओळखतं आणि चेहरा कुणाला माहीत नाही. दातबाई स्टॅंडवरून जाताना तो आवाज ऐकायच्या आणि दर वेळी भराभर पुढे निघून जायच्या. माझ्यामुळे पोरगी काचेमागे जाऊन बसली, असं त्यांनी स्वतःशी पक्कं धरलं होतं. लेकीला त्यांनी कधी विचारलं नाही. अपराधी माणसाला उत्तर नको असतं, त्याला आपला अपराधच बरा वाटतो.

जावई दूरच्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा. घरात दातबाई, लेक आणि लेकीची पाच वर्षांची ठकी. खरं नाव वेगळं, पण वागणं ठकीचंच होतं. औषध म्हटलं की ती ओठ असे मिटायची की चमच्याला फट सापडायची नाही. त्यावर उपाय एकट्या दातबाईंकडे होता. “चल, दात मोजू या,” म्हणायचं. ठकी आऽ करायची, आजी “एक, दोन, तीन” म्हणायची, आणि चारच्या जागी चमचा आत. ठकीला हे कळत होतं, पण दात मोजून घेण्याची हौस दांडगी. म्हणून घरात औषध पाजायचं ते आजीनेच, असा नियम होऊन बसला.

त्या वर्षी ठकीला ताप आला. शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या अंगावर लोळणं हा तिचा आवडता खेळ, आणि काही दिवसांपूर्वी तिच्या मानेला चिकटलेली गोचीड आजीनेच चिमट्याने धरून काढली होती. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. तापाच्या तिसऱ्या दिवशी मनगटांवर आणि घोट्यांवर बारीक गुलाबी ठिपके उठले, तशी लेकीने रजा टाकली आणि ठकीला मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. दातबाई कारखान्यात होत्या.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा टेबलावर दोन बाटल्या होत्या.

“गोचिडीचा ताप असावा म्हणाल्या,” लेक सांगू लागली. “रक्त पाठवलंय, पण निकाल यायला वेळ लागतो, तोवर थांबायचं नाही. ही लहान बाटली तापाची. आणि ही मोठी खरी. सकाळ-संध्याकाळ, न चुकता.”

दातबाईंनी मोठी बाटली उचलून नाव वाचलं. डॉक्सिसायक्लिन. सुरुवातीचं काय ते त्यांना दिसलंच नाही. दिसलं ते नावाचं शेपूट. ‘सायक्लिन’.

“अगं, हे तर तेच आहे.”

“ते नाही. मी विचारलं ना त्यांना. माझे दात बघूनच त्या म्हणाल्या, तुम्ही विचारणार हे मला माहीत होतं. थोडे दिवस दिलं तर दातांना काही होत नाही.”

“तेव्हाचा डॉक्टरही हसतच लिहून द्यायचा.”

“आई, मी दमलेय गं.” लेकीचे डोळे मिटत होते. तिच्या कामावरच्या जोडीदारणीचं बाळंतपण होतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून पहाटे जायचं आणि ठकी झोपल्यावर यायचं, असं ठरलं होतं. रजा संपली होती. “तू पाज. तुझ्याच हातून घेते ती.”

दातबाईंनी बाटल्या घेतल्या आणि ठकीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्यांनी खोक्यातला कागद उलगडला. बारीक अक्षरं वाचायला त्यांच्याकडे कारखान्यातलं भिंग होतंच. कागदावर लिहिलं होतं की आठ वर्षांखालच्या मुलांना हे देऊ नये, दातांवर कायमचे डाग पडतात. छापील होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. दातबाईंनी तर फुंकलंही नाही, ताकाचं भांडंच ओतून दिलं.

म्हणजे असं, की त्यांनी ठकीला दात मोजत तापाचं औषध दिलं. मग मोठ्या बाटलीतलं औषध मापाच्या चमच्यात नीट रेघेपर्यंत घेतलं आणि बेसिनमध्ये सोडून वरून नळ सोडला.

चमचा धुऊन त्यांनी जागेवर ठेवला. डॉक्टरला जाऊन सांगावं, औषध बदलून मागावं, हे त्यांना सुचलं नाही असं नाही. पण मग लेकीशी वाद झाला असता. ती म्हणाली असती, तुला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं का? आणि दातबाईंना खरंच वाटत होतं की या एका बाबतीत कळतं. त्यांच्या टेबलावर असे राखाडी दात किती आले आणि किती गेले. ते घेऊन जगणारी माणसं त्यांनी पाहिली होती, फोटोत ओठ मिटणारी, हसताना तोंडापुढे हात धरणारी. एक तर घरातच होती. ताप काय, येतो आणि जातो. दात जन्माला पुरतात.

लेक बाहेरून म्हणाली, “दिलंस?”

“दिलं,” दातबाई म्हणाल्या. एक औषध दिलं होतंच, म्हणजे बोलणं अगदी खोटंही नव्हतं. अशा वेळी माणूस वकिलाच्या वर जातो.

दुसऱ्या दिवसापासून दातबाई कारखान्यात न जाता घरीच राहिल्या; त्या दिवशी आणि त्याच्या पुढच्या दिवशीही सकाळी तेच, संध्याकाळी तेच. बाटलीतलं औषध कमी होत गेलं आणि ठकीचा ताप चढत गेला. तापाचं औषध दिलं की तासभर उतरायचा, पुन्हा फणफणायचा. ठकी दात मोजायला तोंड उघडेना, तेव्हा पहिल्यांदा दातबाई घाबरल्या. तळहातांवरही ठिपके आले होते. त्यांनी मोठी बाटली हातात घेतली, झाकण उघडलं, चमचा भरला. मग त्यांना तो साचा आठवला, “कुणाचे आहेत?” आठवलं, आणि चमचा पुन्हा बेसिनकडे गेला. उद्या सकाळी बघू, असं त्यांनी ठरवलं. उद्यावर टाकलेली गोष्ट उद्या सोपी होईल असं वाटणं हा माणसाचा जुना रोग आहे.

सकाळी ठकी बरळू लागली. आजीला ओळखेना. पायांवरचे ठिपके गडद लाल झाले होते. शेजाऱ्यांनी गाडी काढली, लेकीला स्टॅंडवरून बोलावलं आणि सगळे इस्पितळात पोचले.

मुलांच्या वॉर्डात तीच डॉक्टर होती, लहान चणीची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिने ठकीला पुढून-मागून तपासलं, मान हलवून पाहिली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“औषध वेळेवर चाललंय ना?” तिने लेकीला विचारलं.

“हो.”

“उलटीत पडलं का कधी? थोडंफार सांडलं?”

“छे. आई पाजते. एक थेंब सांडत नाही.”

दातबाई पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या. दातखीळ बसते म्हणतात ती अशी. जबड्यांत आयुष्य गेलं त्यांचं, आणि स्वतःचा जबडा उघडेना.

“मग माझा अंदाज चुकला असणार,” डॉक्टर म्हणाली. ती लपवत नव्हती, सरळ सांगत होती. “हा ताप या औषधाला लगेच ऐकतो. दोन दिवसांत उतार पडायलाच हवा होता. उतरत नाही, उलट वाढतोय, म्हणजे रोग दुसराच असावा. हे औषध थांबवू. मेंदूच्या तापाच्या दिशेने जाते मी. पाठीतून पाणी काढून तपासावं लागेल.” आणि ती वळून गेलीसुद्धा.

लेक ठकीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. आईकडे तिने पाहिलं ते कौल मागितल्यासारखं, घरातलं मोठं माणूस म्हणून. “आई, आता गं?”

दातबाईंच्या मनात त्या क्षणी काय काय आलं, ते त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही. पण पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, ते औषध थांबलं. दात वाचले. आणि त्या विचाराची त्यांना इतकी किळस आली की पाय आपोआप दाराकडे वळले.

डॉक्टर परिचारिकेच्या टेबलाशी उभी राहून काहीतरी लिहीत होती.

“नाही गेलं,” दातबाई म्हणाल्या.

“काय नाही गेलं, आजी?”

“औषध. तिच्या पोटात नाही गेलं. बेसिनमध्ये गेलं.”

डॉक्टरचं पेन थांबलं. “किती वेळा?”

“सगळ्याच वेळा. एक चमचाही नाही दिला. बाटली कमी दिसावी म्हणून ओतत होते.”

दातबाईंना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण डॉक्टर ओरडली नाही. तिने लिहिलेल्यावर काट मारली आणि परिचारिकेला म्हणाली, “डॉक्सी शिरेतून, पहिला डोस लगेच. बाकीच्या तपासण्या चालू दे, पण हे आधी.” परिचारिका धावली. मग डॉक्टर दातबाईंकडे वळली. “आजी, आत्ता सांगितलंत ते चांगलं केलंत. माझ्या हातून योग्य तेच औषध थांबलं असतं. आता हे तुमच्या मुलीलाही तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.”

शिरेला सुई लागली, बाटली टांगली, थेंब पडू लागले. मग दातबाईंनी लेकीला सांगितलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, खाली फरशीकडे बघत. काहीही वगळलं नाही, ‘दिलं’ म्हणण्यातला वकिलीपणाही सांगितला.

लेकीला समजायला वेळ लागला. समजलं तशी ती उठून उभी राहिली.

“माझ्या दातांसाठी?” ती म्हणाली. “माझ्या दातांसाठी तू माझ्या पोरीचं औषध ओतलंस?”

“तू कधी हसली नाहीस गं तोंड उघडून. काचेमागे जाऊन बसलीस.”

“काचेमागे पंखा आहे, आई. बसायला खुर्ची आहे. आणि मला बोलायला आवडतं, म्हणून बसले.” तिचा माइकवरचा ठाम आवाज मध्येच फाटला. “या दातांवर मी कधी रडले? आठव. एकदा तरी? तूच रडत आलीस. माझे दात तू माझ्याकडे कधी दिलेच नाहीस, आई. स्वतःच घेऊन बसलीस.”

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला. दातबाई बाकावर बसून राहिल्या.

दुपारी डॉक्टर बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी टेकली. तिच्याकडे वेळ नव्हता, तरी टेकली.

“तुमच्या मुलीला तेव्हा काय देत होतात?”

“टेट्रासायक्लिन. गोड, पिवळं.”

“एकदाच?”

“नाही,” दातबाई म्हणाल्या. “दर खोकल्याला. तीनचार वर्षं. डॉक्टरने एकदाच सांगितलं होतं, पुढचं मीच आणत होते.”

“ते औषध घडत असलेल्या दातातल्या कॅल्शियमला धरून बसायचं. आणि जितकं जास्त वेळा, तितका रंग गडद. ती भीती खोटी नव्हती, आजी. पण हे त्याच घरातलं वेगळं औषध आहे. हे कॅल्शियमला तितकं धरत नाही. लहानपणी ज्यांना हे थोडे दिवस दिलं, अशा मुलांचे पक्के दात आल्यावर ते तपासून पाहिले. न घेतलेल्या मुलांच्या दातांहून वेगळे दिसले नाहीत. म्हणून आता तीन आठवड्यांपर्यंत, गरज असेल तर, कुठल्याही वयात देतात. आणि या तापात तर गरज असतेच. यावर पहिलं औषध हेच, आणि उशीर झाला की जीव जातो.”

“कागदावर लिहिलं होतं आठ वर्षं.”

“कागद जुना आहे. औषधं बदलतात, समज बदलते, कागद रांगत येतो. तुम्ही वाचलंत हे चुकलं नाही. वाचून मला फोन केला असतात तर मी हेच सांगितलं असतं.” ती उठली. “सर्दीखोकल्याला मी हे कधीच लिहिणार नाही. महिनोन्‌महिनेही देणार नाही. पण गोचिडीच्या तापाला दात बघत बसायचं नसतं.”

दुसऱ्या दिवशी ताप थोडा खाली आला. त्याच्या पुढच्या दिवशी ठकीने डोळे उघडून पाणी मागितलं. पाठीतल्या पाण्यात मेंदूच्या तापाचे जंतू नव्हते, आणि पुढे रक्ताचा निकाल आला तो गोचिडीच्या तापाचाच. वॉर्डातल्या बायकांनी दातबाईंना सांगितलं, “पुण्याई तुमची.”  पुण्याई बेसिनमधून वाहून गेली होती, ते दातबाईंना ठाऊक होतं.

घरी सोडताना उरलेले दिवस तेच औषध तोंडाने द्यायचं ठरलं. लेकीने बाटली घेतली, घरी आणली आणि स्वयंपाकघरात आईच्या हातात दिली. तेव्हापासून ती आईशी कामापुरतं बोलत होती.

“तू पाज,” ती म्हणाली. “मी इथे उभी आहे.”

विश्वास नव्हता तो. पण नुसता पहाराही नव्हता. दातबाईंनी चमचा रेघेपर्यंत भरला. ठकी अशक्त झाली होती, पण तोंड उघडलं. एक, दोन, तीन, आणि चमचा आत. मग डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे वरून भरपूर पाणी पाजलं, लगेच आडवं होऊ दिलं नाही, मांडीवर बसवून ठेवलं, आणि औषध चालू होतं तोवर उन्हात खेळायला सोडलं नाही. हे सगळं त्यांनी इतकं काटेकोर केलं की बघणाऱ्याला दया यावी. लेक मात्र दाराला टेकून बघत राहिली आणि चमचा धुऊन झाल्यावर निघून गेली.

ठकी बरी झाली. पळू लागली, कुत्र्याच्या अंगावर लोळू लागली, फक्त आता लोळून झालं की आजी कंगव्याने तिचं डोकं आणि मान बारकाईने बघायची. पण एक गोष्ट मागे राहिली. डाव्या बाजूने हाक मारली की ठकी वळायची नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. डावा कान बराचसा गेला होता. या तापात असं होतं कधीकधी, ते म्हणाले. लवकर औषध मिळालं असतं तर टळलं असतं का, असं लेकीने विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. उशीर झालेल्या मुलांत अशा गोष्टी जास्त दिसतात, एवढंच म्हणता येईल.

‘नक्की सांगता येणार नाही’ हे वाक्य दातबाईंच्या घरात मग राहायलाच आलं. कुणी ते बोलत नसे, पण जेवताना ठकी नेहमी भिंतीच्या बाजूला बसायची, म्हणजे सगळी माणसं तिच्या उजव्या हाताला येत. स्टॅंडवर आईचा आवाज ऐकायला गेली की ती मान वाकडी करून उजवा कान भोंग्याकडे धरायची. पूर्वी तो आवाज आला की दातबाई भराभर पुढे निघून जायच्या. आता त्या आवाजाकडे लक्षच देऊ शकत नसत, मान वाकडी केलेल्या नातीकडे बघत राहायच्या.

लेकीचं आईशी बोलणं हळूहळू पूर्वीसारखं झालं. घरं अशीच चालतात, रोज दोन वेळा जेवायला एकत्र बसावं लागतं. एकदा तर लेक कशावरून तरी खळखळून हसली, सगळे राखाडी पट्टे दाखवत. दातबाईंनी पाहिलं आणि प्रथमच त्यांना जाणवलं की ही अशीच हसत असे, नेहमी. आपण बघतच नव्हतो. आपण फक्त रंग बघत होतो.

सातव्या वर्षी ठकीचे पुढचे दात पडले आणि खालून नवे डोकावू लागले. दातबाई रोज बघत. दोन्ही पुरते वर आले त्या दिवशी त्यांनी कारखान्यातून फणी आणली. ठकीला उजेडात, खिडकीशी, उभं केलं.

“दात मोजायचे?” ठकीने विचारलं.

“मोजायचे. आऽ कर.”

त्यांनी एकेक नकली दात नातीच्या दाताशेजारी धरला. इतक्या वर्षांच्या डोळ्यांना चूक होणं शक्य नव्हतं. पट्टा नाही, राखाडी झाक नाही, लहान मुलाचा असावा तसा स्वच्छ, दुधट पांढरा. डॉक्टरने सांगितलं होतं तसा. एवढ्या औषधाने केसाइतकाही रंग लागला नव्हता. ज्या दातांसाठी त्यांनी ते औषध बेसिनमध्ये सोडलं, ते दात ते औषध पिऊनच असे उगवले होते.

लेक मागे येऊन उभी राहिली होती. “कुठला रंग?” तिने विचारलं.

 दातबाईंनी फणी खाली ठेवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते पुसलं नाही. नातीच्या डाव्या बाजूला त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या, तिच्या कानाजवळ तोंड होतं. हळूच म्हणाल्या, “चुकलं गं माझं.”

ठकी खिडकीच्या काचेत आपले नवे दात बघत होती. तिला काहीच ऐकू आलं नाही. मग आजीचे ओठ हललेले तिला काचेत दिसले, आणि तिने वळून सवयीने मान वाकडी केली.

“त्या कानात नाही, आजी,” ती म्हणाली. “ह्या कानात सांग.”

लेक थोडी बाजूला सरकली. दातबाई गुडघे धरून उठल्या आणि फिरून नातीच्या उजव्या बाजूला गेल्या.